सहलीची वर्गणी किती धरायची? जालना ते वेरूळ एका दिवसाच्या शालेय सहलीचा प्रत्येक मुलामागचा हिशेब

सहलीचा एकूण खर्च बहुतेक शाळांत बरोबर निघतो. बसवाल्याचा आकडा हातात असतो, तिकिटांचे दर माहीत असतात, खाण्याचाही साधारण अंदाज असतो. चूक होते ती शेवटच्या भागाकारात. एकूण रकमेला कितीने भागायचं हे ठरवताना बसमध्ये बसणारी सगळी माणसं मोजली जातात. मग वर्गणी कमी पडते आणि उरलेले पैसे कुणातरी शिक्षकाच्या खिशातून जातात. म्हणून इथे भागाकाराला जास्त जागा दिली आहे, बाकीच्या पायऱ्या त्या भागाकारासाठी आकडे गोळा करण्याच्या आहेत.

उदाहरणासाठी जालन्यातल्या एका शाळेचा आठवीचा वर्ग घेऊ. सकाळी साडेसहाला निघायचं, आधी दौलताबादचा किल्ला, मग वेरूळची लेणी, आणि रात्री परत. बस, गाइड आणि खाण्याचे दर उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावात ते वेगळे असतील. पद्धत मात्र तीच राहील.

## पायरी १: पैशाआधी माणसं मोजा

कागदावर चार आकडे वेगवेगळे लिहा. हे चार एकमेकांत मिसळले की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

पहिला आकडा जाणाऱ्या मुलांचा. आपल्या वर्गातून ४२ जणांनी नाव दिलं आहे. दुसरा आकडा वर्गणी देणाऱ्यांचा. दोन मुलांच्या घरची परिस्थिती पाहून शाळेने त्यांची वर्गणी माफ केली, म्हणजे देणारे ४०. तिसरा आकडा मोठ्या माणसांचा. दहा मुलांमागे एक शिक्षक धरला तर ४२ मुलांना पाच शिक्षक लागतात, सोबत एक शिपाई, म्हणजे सहा. (शिक्षकांचं प्रमाण तुमच्या परवानगीपत्रात जे असेल तेच घ्या.) चालक आणि क्लीनर बसच्या सीटवर बसत नाहीत आणि तिकीटही काढत नाहीत, पण जेवतात. म्हणून खाण्याच्या हिशेबात मोठी माणसं आठ होतात.

चौथा आकडा बहुतेक कागदांवर नसतोच: आयत्या वेळी गळणाऱ्या मुलांचा. ताप, पाहुणे, घरचं लग्न, काही ना काही निघतंच. चाळीसमध्ये दोन गळतील असं धरणं वाजवी आहे. तेव्हा भागाकारासाठीचा आकडा ३८. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती गोल काढा, पुढे प्रत्येक वेळी तोच लागणार आहे.

तपासा: जाणारी मुलं ४२, देणारी ४०, भागाकाराला ३८, बसमधल्या सीटवर ४८ माणसं, खायला ५० माणसं. पाचही आकडे वेगळे आहेत ना? दोन सारखे आले असतील तर काहीतरी राहून गेलं आहे.

## पायरी २: बस

एकूण खर्चातला सर्वांत मोठा हिस्सा बसचा. बसवाल्याशी बोलताना «किती घेणार?» एवढंच विचारलं की तो एक गोल आकडा सांगतो आणि सहलीच्या रात्री त्यात भर पडत जाते. त्याऐवजी पुढच्या गोष्टी लेखी मागा.

किलोमीटरचा दर आणि दिवसाचे किमान किलोमीटर. जालना ते छत्रपती संभाजीनगर साधारण ६० किलोमीटर, तिथून वेरूळ ३० च्या आसपास, दौलताबाद वाटेवरच. जाऊन येऊन १८० झाले. शाळेपर्यंत येणं-जाणं आणि गावातले फेरे धरून २०० होतील. पण खासगी बसवाले किलोमीटर शाळेपासून मोजत नाहीत, गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात. गॅरेज सात-आठ किलोमीटरवर असेल तर आकडा २१५ च्या घरात जातो. एवढं करूनही दिवसाचे किमान २५० किलोमीटर ठरलेले असतील तर पैसे २५० चेच द्यावे लागतात. आपल्या उदाहरणात दर ५० रुपये, किमान २५० किलोमीटर, म्हणून १२,५०० रुपये. यातली एक चांगली बाजू लक्षात ठेवा: ३५ किलोमीटरची मोकळीक आपण विकत घेतलेली आहे. वाट थोडी वाकडी झाली तरी जादा पैसे लागणार नाहीत, त्यामुळे राखीव रक्कम धरताना किलोमीटरसाठी वेगळं काही धरायची गरज नाही.

चालक-क्लीनरचा भत्ता, टोल आणि पार्किंग. हे भाड्यात आहे की वेगळं? आपण भत्त्याचे ८०० आणि टोल-पार्किंगचे ७०० धरले. जीएसटी धरलेला दर आहे की वर लागणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. आपल्या उदाहरणात तो दरात धरलेला आहे. बसचा एकूण खर्च १४,००० रुपये.

परतायला उशीर झाला तर काय लागेल. काही करारांत रात्री ठराविक वेळेनंतर वेगळा भत्ता असतो. किती वाजल्यानंतर आणि किती, हे विचारा.

आता एसटीबद्दल. शालेय सहलींना एसटी महामंडळ भाड्यात ५० टक्के सवलत देतं, त्यामुळे आगारात चौकशी न करता खासगी बस ठरवणं म्हणजे पालकांचे पैसे वाया घालवणं. त्यासाठी शाळेच्या लेटरहेडवरचा अर्ज, परवानगीपत्र आणि मुलांची यादी घेऊन आगार व्यवस्थापकांकडे जावं लागतं, आणि डिसेंबर-जानेवारीत गाड्यांना इतकी मागणी असते की उशिरा गेलेल्याला हवी ती तारीख मिळत नाही. तुलना करताना किलोमीटरचा दर दराशी ताडू नका. एसटीच्या करारातही किमान किलोमीटर आणि थांबण्याचे नियम असतात. दोन्हीकडून पूर्ण दिवसाची अंतिम रक्कम घ्या आणि त्याच वेळी सीट किती ते विचारा. एसटीच्या गाडीत सीट कमी असतील तर आपली ४८ माणसं मावणार नाहीत, आणि तिथे सवलतीचा सगळा फायदा जाऊ शकतो.

सावधान, ४४ वं नाव: ४९ सीटच्या बसमध्ये सहा मोठी माणसं गेली की मुलांसाठी ४३ जागा उरतात. ४४ वं नाव घेतलं की दुसरी बस लागते. समजा ४६ मुलांनी नाव दिलं. दोघांची वर्गणी माफ, दोघे गळणार असं धरून भागाकाराला ४२. एका बसला मुलामागे बसचा हिस्सा ३६८ रुपये होता (१४,००० भागिले ३८). दोन बसला २८,००० भागिले ४२, म्हणजे ६६७. तीन-चार मुलं वाढली आणि प्रत्येकाचा खर्च जवळपास ३०० रुपयांनी चढला. दुसरी बस करायचीच असेल तर शेजारची तुकडी सोबत घेऊन भागाकाराचा आकडा ७६ च्या आसपास न्या, म्हणजे हिस्सा पुन्हा ३६८ वर येतो. ते जमत नसेल तर ४३ वर नावं थांबवा आणि पुढची नावं प्रतीक्षायादीत टाका. ही यादी पुढे फार कामाला येते. तीन-चार मुलं «जवळजवळ बसवून» नेण्याचा विचार मात्र करू नका. दोन सीटवर तीन मुलं बसवलेली बस अडवली गेली तर दंड बसवाल्याला होतो आणि दिवस तुमचा जातो.

## पायरी ३: प्रवेशतिकिटं

वेरूळ आणि दौलताबाद ही दोन्ही ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत. वेरूळला भारतीय नागरिकाला ४० रुपये आणि दौलताबादला २५ रुपये लागतात. ऑनलाइन काढलं तर तिकिटामागे पाच रुपये कमी होतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे प्रवेश मोफत आहे. दर बदलू शकतात, म्हणून पालकांना पत्र देण्याआधी विभागाच्या तिकिटाच्या संकेतस्थळावर एकदा पाहा.

इथे दोन उलट्या चुका होतात. काही जण सगळ्या ४२ मुलांचं तिकीट धरतात आणि वर्गणी उगाच ६५ रुपयांनी वाढवतात. काही जण «आठवीची मुलं म्हणजे लहानच» म्हणून एकाचंही धरत नाहीत. आठवीतली बहुतेक मुलं तेरा-चौदाची असतात, पण उशिरा दाखल झालेली किंवा एखादं वर्ष राहिलेली दोन-तीन मुलं पंधरा पूर्ण केलेली निघतात. दहावीचा वर्ग नेत असाल तर सहलीच्या दिवशी वर्गातले बरेच जण पंधरा ओलांडलेले असतील.

म्हणून जनरल रजिस्टरमधून जन्मतारखा काढा आणि सहलीच्या तारखेला पंधरा पूर्ण झालेल्यांच्या नावापुढे खूण करा. आपल्याकडे अशी तीन मुलं निघाली. सहा मोठे आणि ही तीन, म्हणजे नऊ तिकिटं. वेरूळचे ३६० आणि दौलताबादचे २२५, एकूण ५८५ रुपये.

या तिघांकडून ६५ रुपये जास्त घ्यायचे का? घेऊ नयेत. हिशेबात ते अचूक दिसतं, पण त्या तिघांचं वय आणि त्यामागचं कारण वर्गात उघडं पडतं. मुलामागे पाच रुपयांच्या फरकासाठी ते करण्यात अर्थ नाही. ही तिकिटं सामाईक खर्चात टाका.

वयाचा पुरावा म्हणून जन्मतारखेसह मुलांची यादी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने दोन प्रतींत न्या आणि मुलांना ओळखपत्रं गळ्यात घालायला सांगा. यादी बसमध्ये विसरली की तिकीटखिडकीवर एकेका मुलाचं वय सांगत बसावं लागतं.

तपासा: वेरूळ मंगळवारी बंद असतं. अजिंठ्याला जाणार असाल तर ते सोमवारी बंद असतं, आणि तिथे आपली बस लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर उतरून पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. ते जाण्या-येण्याचं भाडं प्रत्येक माणसामागे लागतं. वेरूळचा कागद समोर ठेवून अजिंठ्याचा खर्च काढला की नेमकं हेच भाडं सुटतं. वेरूळमध्येही कैलास लेण्यापासून जैन लेणी दीड-दोन किलोमीटरवर आहेत. मुलं चालत जाणार की वाहनाने, हे आधीच ठरवा. वाहन धरलं तर त्याचे पैसे याच पायरीत लिहा.

गाइड घ्यायचा असेल तर तो पूर्ण गटासाठी ठरलेला खर्च आहे, मुलांच्या संख्येवर अवलंबून नाही. आपण १,५०० रुपये धरले. एक सूचना: दौलताबादला गाइडशिवाय चालतं, वेरूळला तेच पैसे लावा.

## पायरी ४: खाणं आणि पाणी

दुपारचा डबा घरून आणायचा, असं धरलं आहे. सकाळी संभाजीनगरला पोहे, चढून उतरल्यावर केळं आणि बिस्किटाचा पुडा, संध्याकाळी वडापाव. एका माणसामागे असा हिशेब होतो:

- पोह्यांची प्लेट: २५ रुपये
- केळं: ५ रुपये (५० माणसांना ५ डझन, ५० रुपये डझनाने २५० रुपये)
- बिस्किटाचा पुडा: १० रुपये
- वडापाव: २० रुपये
- पाणी: ५ रुपये

एकूण ६५ रुपये. केळी पन्नासऐवजी साठ घेतली आहेत, कारण बसमध्ये पिशवीच्या तळाची काही हमखास दबतात.

पाण्याकडे नीट पाहा, कारण इथे शाळा नेहमी कमी धरतात आणि मग किल्ल्याखाली २० रुपयांच्या बाटल्या विकत घेतात. प्रत्येक मूल घरून एक लिटरची बाटली आणेल. ती दौलताबाद चढेपर्यंत संपते. त्यानंतर परत जाईपर्यंत प्रत्येकी आणखी दीड लिटर धरा, म्हणजे ५० माणसांना ७५ लिटर. वीस लिटरचे चार जार, ६० रुपयांप्रमाणे २४० रुपये, म्हणजे माणशी पाच रुपयांच्या आत. जारची अनामत वेगळी द्यावी लागते. ती परत मिळते, म्हणून खर्चात धरू नका, पण जाताना तेवढी रोकड जवळ असायला हवी. जारमधून बाटली भरायला नळ बसवलेला जार किंवा हातपंप लागतो. तो नसेल तर अर्धं पाणी बसच्या पायरीवर सांडतं.

पोहे आणि वडापाव हॉटेलात आदल्या दिवशी फोन करून सांगा. पन्नास प्लेटा अचानक मागितल्या तर तास जातो, आणि तो तास लेण्यांतून कापला जातो. सांगताना दर आणि प्लेटांची संख्या ठरवा, आणि सकाळी संख्या दोन-चारने कमी होऊ शकते हेही तेव्हाच बोलून घ्या.

सावधान: चालक आणि क्लीनरचं खाणं हिशेबात नसेल तर ते कुणीतरी स्वतःच्या पैशाने देतं आणि तो खर्च कागदावर कधीच येत नाही. शिक्षकांच्या चहाचंही तसंच आहे. चहा वर्गणीतून द्यायचा नसेल तर तसं आधीच ठरवा, म्हणजे परतल्यावर बिलांच्या गठ्ठ्यात चहाच्या चिठ्ठ्या निघणार नाहीत.

## पायरी ५: दोन ढीग करा

आता सगळा खर्च दोन भागांत टाका. एक मूल कमी झालं तर हा खर्च कमी होईल का, एवढाच प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा. होणार असेल तर तो मुलामागचा खर्च, नसेल तर सामाईक.

मुलामागचा खर्च या सहलीत एकच आहे: खाण्याचे ६५ रुपये. बाकी सगळं सामाईक:

| सामाईक खर्च | रुपये |
|---|---|
| बस, भत्ता, टोल, पार्किंग | १४,००० |
| प्रवेशतिकिटं (९ जणांची) | ५८५ |
| गाइड | १,५०० |
| आठ मोठ्या माणसांचं खाणं (८ × ६५) | ५२० |
| वर्गणी माफ असलेल्या दोन मुलांचं खाणं (२ × ६५) | १३० |
| प्रथमोपचार, उलटीच्या पिशव्या, झेरॉक्स | ७५० |
| एकूण | १७,४८५ |

हे १७,४८५ रुपये ३८ ने भागले की ४६०.१३ येतात. त्यात ६५ मिळवले की राखीव रक्कम सोडून मुलामागे ५२५ रुपये आणि थोडे पैसे होतात.

नेहमीच्या पद्धतीने हाच हिशेब करून पाहा. सगळ्यांचा मिळून खर्च २०,०८५ (१७,४८५ आणि चाळीस मुलांच्या खाण्याचे २,६००). त्याला बसमधल्या ४८ माणसांनी भागलं तर ४१८ रुपये वर्गणी निघते. दिसायला छान, पालकही खूश. पण वर्गणी देणारी मुलं ४०, जमा १६,७२०, आणि तूट ३,३६५ रुपयांची. अजून एकही मूल गळलेलं नाही आणि राखीव पैसा तर धरलेलाच नाही. ४८ ऐवजी ४२ ने भागलं तरी जवळपास हजाराची तूट राहते, कारण त्यात माफी असलेली दोन मुलं आहेत.

## पायरी ६: राखीव रक्कम

«दहा टक्के धरा» ही सवय सोडा. दहा टक्के कशाचे? बसचं भाडं लेखी ठरलेलं आहे, त्यावर दहा टक्के धरून काही उपयोग नाही. ज्या गोष्टी खरंच बिनसू शकतात त्या लिहा आणि प्रत्येकीला रक्कम द्या.

एखादं मूल पडलं किंवा आजारी पडलं तर डॉक्टर, औषधं आणि रिक्षा: १,००० रुपये. सांगितलेलं हॉटेल बंद निघालं आणि दुसरीकडे माणशी सहा रुपये जास्त पडले तर ३०० रुपये. जादा पार्किंग, उशिराचा भत्ता: ७०० रुपये. एकूण २,०००. यालाही ३८ नेच भागायचं: ५२.६३.

आता बेरीज करा. ४६०.१३, ६५ आणि ५२.६३ मिळून ५७७.७६. वर्गणी ५८० रुपये.

गोल करताना नेहमी वर जा, पण फार नाही. ५७८ चे ६०० केले तर चाळीस मुलांचे जवळपास नऊशे रुपये कारण नसताना गोळा होतात, आणि पालक विचारतातच.

तपासा, किती मुलं गळली तर चालेल? एक मूल गळलं की जमा ५८० ने कमी होते, पण खर्च फक्त ६५ ने. म्हणजे प्रत्येक गळणारं मूल ५१५ रुपयांचा खड्डा पाडतं. ३८ मुलं देणार असतील तर हिशेब जुळतो आणि राखीव रक्कम शाबूत राहते. ३६ झाली तर राखीवमधले ९४५ जातात. ३४ पर्यंत आली तर जवळजवळ सगळी राखीव रक्कम गळतीतच संपते आणि आजारी मुलासाठी काहीच उरत नाही. ही संख्या त्याखाली जाणार असेल तर वर्गणी पुन्हा काढा किंवा तारीख बदला.

## पायरी ७: पालकांना पत्र आणि पैसे गोळा करणं

पत्रात ५८० हा एकच आकडा लिहू नका. बस ३६८, तिकिटं आणि गाइड ५५, खाणं ६५, मोठ्यांचं व इतर खर्च ३७, राखीव ५३, असे तुकडे द्या. त्यांची बेरीज ५७८ होते, वरचे दोन रुपये गोल केल्याचे असं लिहा. राखीव रक्कम खर्च झाली नाही तर परत मिळेल, ही ओळ पत्रात हवीच. ती नसेल तर उरलेले पैसे कुठे गेले हा प्रश्न पुढच्या वर्षीही निघतो.

पैसे परत देण्याचा नियमही त्याच पत्रात लिहा. बसची उचल देण्याच्या तारखेपर्यंत नाव मागे घेतलं तर पूर्ण रक्कम परत. त्यानंतर प्रतीक्षायादीतलं मूल जागेवर आलं तर पूर्ण परत, नाही आलं तर फक्त खाण्याचे ६५ परत. हा नियम कडक वाटतो, पण गळलेल्या मुलाचे ५८० परत दिले की त्यातले ५१५ बाकीच्या मुलांच्या राखीव रकमेतून जातात. आजारपणाच्या बाबतीत मुख्याध्यापकांनी वेगळा निर्णय घ्यावा, आणि तो घेताना पैसे कुठून जाणार हे माहीत असावं.

परवानगी हातात आल्याशिवाय बसची उचल देऊ नका. पावती पुस्तकातली पावती प्रत्येकाला द्या, यूपीआयने पैसे आले तरीही. खात्यावर नुसते पैसे दिसतात, कुणाच्या मुलाचे ते पुष्कळदा कळत नाही.

## पायरी ८: तीन दिवस आधीची मोजणी

सहलीच्या तीन दिवस आधी पुन्हा पहिल्या पायरीकडे जा आणि पाचही आकडे नव्याने लिहा. हॉटेलला प्लेटांची, केळीवाल्याला डझनांची अंतिम संख्या याच दिवशी सांगा. देणारी मुलं ३८ पेक्षा कमी झाली असतील तर प्रतीक्षायादीतून आजच भरा, आदल्या रात्री नव्हे.

रोकड पाकिटांत घाला, प्रत्येक पाकिटावर नाव आणि रक्कम लिहून: तिकिटं ५८५, गाइड १,५००, पोहे १,२५०, वडापाव १,०००, जारची अनामत, आणि राखीव २,०००. राखीवचं पाकीट वेगळ्या शिक्षकाकडे द्या. बसची उरलेली रक्कम परत आल्यावर द्यायची असते, ती शाळेच्या कपाटातच राहू द्या. सुट्टे पैसे घ्यायला विसरू नका. तिकीटखिडकीवर पाचशेच्या नोटेवर अडकलेला शिक्षक आणि त्याच्यामागे उन्हात उभी बेचाळीस मुलं, हे टाळता येतं.

## पायरी ९: परतल्यावर चार दिवसांत हिशेब

समजा सगळी मुलं आली. जमा ४० × ५८० म्हणजे २३,२००. ठरलेला सामाईक खर्च १७,४८५, चाळीस मुलांचं खाणं २,६००, आणि राखीवमधून औषधं आणि जादा पार्किंगचे ३६० रुपये. एकूण खर्च २०,४४५, शिल्लक २,७५५.

शिल्लक ४० ने भागा, ३८ ने नव्हे. आता गळतीचा अंदाज नाही, प्रत्यक्ष देणारी मुलं मोजायची आहेत. मुलामागे ६८ रुपये आणि काही पैसे येतात. प्रत्येकाला ६५ रुपये परत द्या, म्हणजे २,६००. वह्या, पेन असं काही घेऊन देण्यापेक्षा रोख द्या आणि पालकाची सही घ्या. उरलेले १५५ रुपये शाळेच्या सहल खात्यात जमा करून त्याची पावती हिशेबाला जोडा.

प्रत्येक खर्चाला बिल लागतं. पोहेवाल्याकडे छापील बिल नसेल तर साध्या कागदावर रक्कम, तारीख आणि त्याची सही घ्या, आणि मागे दोन शिक्षकांनी सही करा. पार्किंगच्या चिठ्ठ्या लहान आणि पातळ असतात, धुतलेल्या शर्टाच्या खिशातून लगदा होऊन निघतात. त्या सहलीच्या रात्रीच एका कागदावर चिकटवा. बसचं बिल तपासताना किलोमीटरचा आकडा निघतानाच्या आणि परतल्यानंतरच्या मीटरच्या फोटोशी ताडून पाहा. गॅरेज ते गॅरेज धरूनही तो २५० च्या आत असेल तर जादा किलोमीटरची कुठलीही मागणी मान्य करू नका.